घर सोडताना मीटरचा शेवटचा आकडा

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या बहुतेक घरांची वीजजोडणी घरमालकाच्याच नावावर असते. बिल मात्र भाडेकरू भरतो. त्यामुळे भाडेकरू गेला तरी जोडणी बदलत नाही, महावितरणला त्याच्या जाण्याचा पत्ताही लागत नाही. अडचण तारखांची असते. मीटरचे रीडिंग महिन्याच्या ठरावीक सुमारास घेतले जाते आणि भाडेकरू मधल्याच एखाद्या दिवशी बाहेर पडतो. त्या दिवसापर्यंतची वीज कोणी वापरली, हे बिलातून कधीच कळत नाही. ते मीटरवरून त्याच दिवशी टिपून घ्यावे लागते.

त्याआधी मीटर कोणत्या घराचा आहे याची खात्री हवी. मोठ्या इमारतींत सगळे मीटर तळमजल्यावर ओळीने असतात आणि त्यांवर रंगाने लिहिलेले फ्लॅट क्रमांक कधी पुसलेले, कधी चुकीचे असतात. मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळवावा. शंका राहिली तर घरातला मेन स्विच बंद करावा. त्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. व्होल्टेज दिसते, तारीख दिसते, कमाल मागणीही दिसते. हिशेबाला हवा तो फक्त kWh असे लिहिलेला आकडा. नुसत्या kW चा आकडा म्हणजे वापर नव्हे. दोघांनी मीटरसमोर उभे राहून, मीटर क्रमांक आणि आकडा एकाच फोटोत येईल असा फोटो काढावा आणि चाव्या देतानाच्या कागदावर तारखेसह रीडिंग लिहून सह्या कराव्यात.

एक उदाहरण घेऊ. त्यातले रुपये केवळ हिशेबापुरते आहेत. 3 सप्टेंबरच्या रीडिंगचा आकडा 8,412 आहे. भाडेकरूने 14 सप्टेंबरला घर सोडले तेव्हा मीटरवर 8,486 होते, म्हणजे त्याचा वापर 74 युनिट. त्याच दिवशी नवा भाडेकरू आला आणि 3 ऑक्टोबरला मीटर 8,632 वर पोचला. त्याचे झाले 146. एकूण 220 युनिटांचे बिल आले 2,350 रुपये. त्यात स्थिर आकार, त्यावरच्या वीज शुल्कासह, 150 रुपये आणि उरलेले 2,200 वापराचे.

वाद पेटतो तो इथे. घरगुती विजेचा पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि पुढच्या टप्प्याचा बराच जास्त असतो. आधीचा भाडेकरू म्हणतो, माझी 74 युनिटे शंभराच्या आत आहेत, मला स्वस्त दर लावा. तसे केले तर स्वस्त टप्पा जवळजवळ सगळा त्याच्याच वाट्याला जातो आणि महागडी युनिटे नव्याच्या डोक्यावर बसतात, केवळ तो नंतर आला म्हणून. हे न्याय्य नाही. वापराची रक्कम एकूण युनिटांनी भागावी आणि स्थिर आकार दिवसांवर वाटावा. इथे युनिटमागे सरासरी 10 रुपये पडतात. जुन्याचे 740 रुपये, अधिक 30 पैकी 11 दिवसांचे 55, एकूण 795. नव्याचे 1,460 आणि 95, म्हणजे 1,555. मध्ये घर रिकामे राहिले असेल तर त्या दिवसांचा भार मालकाचा.

हा हिशेब बिल आल्यावरच पुरा होतो. म्हणून मालकाने अनामत रकमेतून अंदाजे रक्कम बाजूला ठेवून बाकीची लगेच परत करावी. एका बिलासाठी सगळी अनामत अडवून धरणे चुकीचे आहे.

मागचे बिल सरासरीचे असेल तर मात्र हा सगळा हिशेब फसतो. मीटर कुलूपबंद जागेत असला किंवा रीडिंग मिळाले नाही, की सरासरी वापरावर बिल निघते आणि खरा फरक पुढच्या बिलात चढतो. बिलावर मागील आणि चालू रीडिंग एकच असून युनिटे मात्र लावलेली दिसली, तर तसे झाले आहे असे समजावे. अशा वेळी शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून मोजावे आणि मधल्या काळात भरलेले पैसे वजा करावेत.

पाइप गॅसचा हिशेब याच रीतीने होतो. फक्त त्या मीटरवरचे लाल चौकटीतले आकडे दशांश चिन्हानंतरचे असतात, ते सोडून काळे आकडे घ्यावेत. सिलिंडरची जोडणी मात्र भाडेकरूच्या स्वतःच्या नावावर असते आणि ती त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे लागते. अनामत परत मिळते आणि त्याच व्हाउचरवर नव्या गावी जोडणी सुरू होते.