समजून घ्या : गाळ काढण्याआधीची पहिली बैठक, चार स्लाइडमध्ये

लोहा : 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. या कामात ग्रामपंचायत, अभियंता, जेसीबीचालक आणि ट्रॅक्टरवाले शेतकरी बहुधा पहिल्यांदाच एकत्र येतात. पुढचे बरेचसे वाद पहिल्या बैठकीतच टाळता येतात. त्यासाठी लोहा तालुक्यातील एखाद्या गावतलावाचे उदाहरण घेऊ.

कामाची व्याप्ती
पहिल्या स्लाइडवर दोन रकाने हवेत : काय करायचे आणि काय करायचे नाही. समजा, तलावातून ४,५०० घनमीटर गाळ काढायचा आहे. म्हणजे ४५ लाख लिटर पाण्याची जागा होईल. दुसऱ्या रकान्यात लिहायचे : वाळू उपसायची नाही, भिंतीच्या पायथ्याशी खोदायचे नाही आणि गाळाखालच्या मुरमाला हात लावायचा नाही. मुरूम उकरला, तर तलाव झिरपू लागतो. काळ्या गाळाखाली पिवळसर थर दिसला, की मशीन थांबवायचे.

मोजमाप कशाचे, हेही इथेच ठरवावे. खोदलेला गाळ सुटा होऊन साधारण पाव पट फुगतो. त्यामुळे ट्रॉलीतला आकडा मोठा दिसतो आणि खड्डा लहान निघतो. मशीनचा हिशेब खड्ड्याच्या मापावर आणि शेतकऱ्यांचा वाटा ट्रॉलीवर, असे स्पष्ट लिहिले की भांडण उरत नाही.

जबाबदारी
दुसऱ्या स्लाइडवर प्रत्येक कामापुढे एकच नाव. खेपा कोण लिहिणार, खोली कोण तपासणार, डिझेलची नोंद कोण ठेवणार? 'समिती पाहील' असे लिहिले, तर कोणीच पाहत नाही.

टप्पे
फुगलेला गाळ सुमारे ५,६०० घनमीटर. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर धरले तर सुमारे २,००० खेपा. दहा ट्रॅक्टरांनी रोज आठ खेपा केल्या, तर २५ दिवस लागतात. १ मे रोजी सुरुवात केली तर २५ मेपर्यंत काम उरकते आणि जूनच्या पावसाआधी थोडी सवड राहते. एकदा पाऊस पडला की काळ्या रानात ट्रॅक्टर रुततात. म्हणून दहाव्या दिवशी आकडा तपासायचा. ८०० खेपा व्हायला हव्यात. ५०० च झाल्या असतील, तर त्याच दिवशी ट्रॅक्टर वाढवायचे किंवा खोदायचे क्षेत्र कमी करायचे.

कामाचे नियम
शेवटच्या स्लाइडवर चारच नियम पुरेत. ट्रॅक्टरांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरेल. रोज संध्याकाळी सातला खेपांचा आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर येईल. मशीन बंद पडले, तर तासाभरात कळवायचे. खोलीवरून वाद झाला, तर अभियंत्याचा शब्द अंतिम.

वीस मिनिटांत स्लाइड संपवाव्यात आणि तेवढाच वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. ज्याच्या नावापुढे काम लिहिले आहे, त्याने ते सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे. तिथे कोणी अडखळला, तर ती स्लाइड तिथेच दुरुस्त करावी.