तुणतुणे : कानाने ठेवलेले नाव

गोंधळ रंगात आला, की सगळ्यांचे लक्ष संबळाकडे आणि मुख्य गोंधळ्याकडे असते. त्याच्या मागे एक जण उभा असतो, छातीशी एक लाकडी नळकांडे धरलेला. हातातल्या छोट्या काडीने तो एकच तार छेडत राहतो आणि गाणाऱ्याने सोडलेली ओळ अलगद उचलतो. त्याच्या वाद्याचे नाव लहान मुलालाही सांगावे लागत नाही. ते वाद्य स्वतःच सांगते : तुण, तुण, तुण.

अशी नावे ठेवण्यात मराठी पटाईत आहे. खुळखुळ वाजतो तो खुळखुळा, भिरभिर फिरते ते भिरभिरे. पुढे मोटारसायकल आली तर तिचीही फटफटी झाली. तुणतुणे याच घरातले. एकतारीचे नाव मात्र डोळ्याने ठेवलेले आहे. एक तार दिसली, मोजली, नाव दिले. अशा मोजणीचा भरवसा नसतो. बंगालमधल्या बाउल गायकांच्या दोताऱ्याला नावाप्रमाणे दोन तारा असायला हव्यात, पण बहुतेक दोताऱ्यांना चार असतात. तारा वाढल्या, नाव तेच राहिले.

दिसायला एकतारी आणि तुणतुणे चुलतभावंडे वाटतात, पण बांधणी अगदी वेगळी. एकतारीत भोपळ्याला लांब दांडी असते आणि तार त्या दांडीला समांतर, घोडीवरून जाते. तुणतुण्याचे नळकांडे आतून पोकळ, वरून उघडे आणि खालच्या तोंडाला कातडे मढवलेले. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकलेली असते आणि काठीच्या माथ्यावर खुंटी. तार कातड्याच्या मधोमध अडकवतात; तिथून ती नळकांड्याच्या पोटातून वर येऊन खुंटीला गुंडाळली जाते. म्हणजे तार कातड्यावर आडवी पडत नाही, उभी राहते. याला तंतुवाद्य म्हणावे की चर्मवाद्य, यावर वाद्यांचे वर्गीकरण करणारे अभ्यासक वाद घालत आले आहेत.

त्या ‘तुण’चे गुपित या उभ्या तारेतच आहे. छेडलेली तार एका बाजूला जाते तेव्हा ताणली जाते आणि कातड्याला वर ओढते. मधे येते तेव्हा ताण उतरतो. दुसऱ्या बाजूला गेली की पुन्हा ओढते. तारेची एक येरझार होते तेवढ्यात कातड्याला दोन हिसके बसतात. समजा, तार सेकंदाला 130 वेळा हलते आहे. कातडे मग 260 वेळा ओढले जाते, आणि तारेच्या मूळ स्वरापेक्षा एक सप्तक वरचा स्वर ठळक उमटतो. छेडल्याच्या पहिल्या क्षणी तारेचा झोका मोठा, म्हणून ताणही जास्त आणि स्वर किंचित चढा असतो. झोका लहान होत जाईल तसा तो खाली येऊन ठरतो. ‘तु’मध्ये तो आघात आहे आणि ‘ण’मध्ये ते ठरणे. नाव ठेवणाऱ्याने हे गणित मांडले नव्हते, त्याने फक्त नीट ऐकले होते. गणिताच्या अंगाने या जातीच्या वाद्यांकडे पाहायचा मोह सी. व्ही. रामन यांनाही झाला होता; 1909 मध्ये, ऐन विशीत, त्यांनी ‘एकतारा’वर एक छोटा लेख लिहिला.

यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की त्याच्या तारेचे दुसरे टोक खुंटीला नसते, हाताने ताणलेले असते. हात आवळला की स्वर चढतो, सैल सोडला की घरंगळतो. बंगालमध्ये अशाच वाद्याला खमक म्हणतात आणि गुबगुबीसुद्धा. तिथेही कानानेच बारसे केलेले दिसते. घरंगळणाऱ्या स्वराला ‘गुब’ आणि खुंटीने बांधलेल्या स्वराला ‘तुण’, हा भेद दोन्ही भाषांनी आपापल्या परीने अचूक टिपला आहे.

खुंटीने बांधलेला असला तरी हा स्वर हट्टी असतो. पावसाळी हवेत कातडे ओल धरते, सैल पडते आणि तारेचा ताण उतरतो. ‘तुण’चा ‘ठुब’ होऊ लागला की समजावे, कातडे भिजले. अशा वेळी नुसती खुंटी पिळत राहणे धोक्याचे; सारा ताण कातड्याच्या मधल्या भोकावर येतो आणि ते फाटते. आधी कातडे उबेला धरून कोरडे करावे लागते, मग खुंटी.

‘तेच तुणतुणे वाजवू नकोस’ असे आपण कंटाळून म्हणतो. टीका खरी आहे. या वाद्याला दुसरा स्वरच नाही. पण शाहिराला नेमका तोच हवा असतो. डफाच्या कडकडाटात, वरच्या पट्टीत पोवाडा चढत जातो तेव्हा षड्ज कानाआड होऊ शकतो, आणि मागे झीलकऱ्याचे तुणतुणे तो एकसारखा दाखवत राहते. दोन चौकांच्या मधे शाहीर गद्यात प्रसंग सांगू लागला, की झीलकरी मान कलती करून तार कानाशी नेतो, खुंटीला जरासा पीळ देतो आणि पुढच्या ओळीच्या आत छेडायला लागतो.