पाड्याचा पत्ता आणि किराण्याची पहिली ऑर्डर

पहिल्यांदा ऑनलाइन किराणा मागवणाऱ्याचा ‘ग्राहक-प्रवास नकाशा’ काढताना ॲप उघडणे, शोध, कार्ट, पैसे आणि घरपोच माल असे संपर्कबिंदू ओळीने मांडतात आणि खाली भावनांच्या चढउताराची रेघ ओढतात. मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळ गावासाठी ही रेघ काढली, तर ती सर्वांत खाली जाते पत्त्याच्या रकान्यात. तूरडाळ, तेल, साबण निवडेपर्यंत उत्सुकता असते. मग पिनकोड टाकावा लागतो आणि ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. अर्ध्या तासाची निवड वाया! पिनकोड आधीच विचारला असता, तर हा विरस टळला असता.

सेवा असली तरी पेच उरतोच. सहा आकडी पिनकोड टपाल कार्यालयाचे वाटपक्षेत्र सांगतो, पाडा नव्हे. त्यात अनेक गावे येतात. ‘घर क्रमांक, गल्ली’ या चौकटीत पाड्यावरच्या माणसाने काय लिहावे? शेवटी डिलिव्हरीवाला फोन करतो, आणि डोंगरआड रेंज नसेल तर पार्सल परत जाते. खरा दोष रेंजचाच, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे, कारण ‘शाळेजवळ, अमुक दुकानी ठेवा’ अशी सोय पत्त्यातच असेल तर फोन लागलाच पाहिजे असे नाही. जवळच्या खोडाळा गावचा दुकानदार उधारीही देतो, मग ॲप कशाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर ॲपकडे सोपे उत्तर नाही.