लोखंडी छताचा लपलेला दोष

लंडनमध्ये थेम्सकाठचा हंगरफोर्ड बाजार पाडून त्याच जागी 1864 मध्ये चेरिंग क्रॉस स्टेशन सुरू झालं. जॉन हॉकशॉ यांनी आखलेलं त्याचं कमानदार छत पन्नास मीटरचं अंतर मधल्या एकाही खांबाशिवाय पेलत होतं.

त्या काळी ओतीव आणि घडीव लोखंडाची कामं ठरलेली होती. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं. ताण पडला की मात्र आधी न वाकता एकदम तुटतं. 1847 मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरच्या पुलाची ओतीव तुळई आगगाडीखाली मोडली, पाच जण दगावले, आणि हा धडा इंजिनिअरांच्या मनावर कोरला गेला. म्हणून खांब ओतीव राहिले, तर कैच्यांमधले ताण सोसणारे भाग घडीव लोखंडाचे झाले.

चेरिंग क्रॉसच्या कैच्यांनाही घडीव लोखंडाच्या ताणसळया होत्या. कमान आपल्या वजनानं दोन्ही पाय बाहेर ढकलते. सळई ते पाय धरून ठेवते. पण इतक्या लांबीची अखंड सळई तेव्हा मिळत नसे. तुकडे भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करावे लागत. जोड आतून नीट बसला की नाही, हे वरून कळायला मार्ग नव्हता.

5 डिसेंबर 1905 च्या दुपारी छतावर रंगकाम आणि दुरुस्ती चालू असताना मोठा आवाज झाला आणि एक सळई लोंबकळताना दिसली. छत कोसळायला काही मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बहुतेक प्रवासी बाहेर काढता आले. मग छताचा एक भाग कोसळला आणि पश्चिमेची भिंत शेजारच्या नाट्यगृहावर पडली. सहा जणांचा जीव गेला. चौकशीत सळईच्या जोडातच खोट सापडली. ती एक्केचाळीस वर्षं तिथंच होती, रंगाच्या थरांखाली. रेल्वेनं नुसती सळई बदलली नाही. अख्खं कमानदार छत उतरवून साधं छत घातलं.

आज अशा जोडांची तपासणी करताना आधी रंग खरवडतात. मग आतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरतात. शंका राहिली तर जुनी सळई तशीच ठेवून बाजूनं पोलादी सळया बसवतात, म्हणजे जुनी तुटली तरी भार सांभाळला जातो.

ओतीव खांबांचं दुखणं वेगळं. ते पोकळ असतात आणि ओतताना आतला साचा सरकला, तर भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. बाहेरून घेर तोच दिसतो, म्हणून जाडी चहूबाजूंनी मोजावी लागते. शिवाय 1851 च्या क्रिस्टल पॅलेसप्रमाणे अनेक इमारतींत छताचं पाणी खांबांतूनच खाली नेत. तोंड तुंबलं की पाणी आत साचतं, गंज धरतो आणि थंडीत बर्फ होऊन खांब फोडतं. भेग पडल्यावर साधं वेल्डिंग केलं, तर असमान तापल्यानं शेजारी नवी भेग पडू शकते. म्हणून कुशल कारागीर भेगेवर आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या कड्या ठोकतात आणि खांब न तापवताच शिवतात.