घराचा अर्धा वाटा

राजापूरजवळच्या एका वाडीतलं कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. आई-वडील गेले, मृत्युपत्र नाही, वारस दोघीच बहिणी. धाकटी पुण्यात भाड्याने राहते. तिला पैसे हवेत. थोरली म्हणते, "पडवीतला झोपाळा सोडून मी कुठे जाऊ गं?"

"ताई, मग माझा वाटा तूच घे."

धाकटीच्या या वाक्यात कायदाही आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार अशा वारसांपैकी एकीला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क दुसरीचा असतो. किमतीवर एकमत झालं नाही, तर ती न्यायालय ठरवतं. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो.

समजा, घर-आवाराची किंमत ४० लाख ठरली. थोरलीला २० लाखच उभे करायचे आहेत, पण इथेच गडबड होते. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर नाव चढलं की मालकी मिळाली, असं अनेकांना वाटतं. ती नोंद मुख्यतः सरकारी वसुलीसाठी असते. धाकटीचा हिस्सा खरोखर थोरलीकडे यायला नोंदणीकृत दस्त लागतो. साध्या कागदावरची सही पुरत नाही, मग बहिणींचं कितीही पटत असो.

थोरलीने दस्त होईपर्यंत वर्षभराची मुदत मागितली. धाकटी म्हणाली, "चालेल. पण पावसाळ्याआधी कौलं शाकारून घे."