निळी टिक कशाची साक्ष देते?

दिवाळीत माझी भाची चार दिवस पुण्याला माझ्याकडे राहायला आली होती. रात्रीची जेवणं आटोपल्यावर बघते तर ती हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून फोन कधी लांब धरतेय, कधी जवळ आणतेय, मान उजवीकडे वळवतेय, मग डावीकडे. "मावशी, मोठा दिवा लाव ना जरा," ती म्हणाली. डेटिंग ॲपनं तिची पडताळणी एकदा फेटाळली होती. ट्यूबलाइट तिच्या पाठीमागे होती, त्यामुळे चेहऱ्यावर सावली पडली होती आणि चष्म्याच्या काचा चमकत होत्या. चष्मा काढून, दिव्याकडे तोंड करून तिनं पुन्हा प्रयत्न केला. फोनवरच्या लंबगोलात चेहरा बसवला, सांगितल्याप्रमाणे फोन जवळ आणला, आणि थोड्याच वेळात तिच्या नावापुढे निळी टिक आली. ती खूश झाली. मला मात्र त्या अर्ध्या मिनिटात नक्की काय घडलं, ते समजून घ्यावंसं वाटलं.

पडताळणीची ही पद्धत नवी नाही. बंबलनं 2016 मध्ये ती आणली, तेव्हा ॲप एका ठरावीक पोझचं चित्र दाखवायचं, आपण तशीच पोझ घेऊन सेल्फी पाठवायची आणि तो प्रोफाइलवरच्या फोटोंशी जुळतो का, हे माणसं बघायची. टिंडरनं जानेवारी 2020 मध्ये अशीच पोझची पडताळणी जाहीर केली. त्यात जुळवणीचं काम मुख्यतः संगणकाकडे होतं आणि मदतीला माणसं होती. पुढे स्थिर पोझच्या जागी छोटा व्हिडिओ आला. आता टिंडरनं 'फेस चेक' नावाची पडताळणी काही देशांत नव्या सभासदांना सक्तीची केली आहे, आणि त्यात भारतही आहे. म्हणजे आजवर हौसेनं घ्यायची टिक आता दारातच मागितली जाते.

त्या अर्ध्या मिनिटात दोन वेगळी कामं होतात. पहिलं म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरंच जिवंत माणूस आहे का, हे बघणं. फोन जवळ आणायला सांगतात तो यासाठीच. चेहरा फोनच्या अगदी जवळ आला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे सरकल्यासारखे, लहान दिसतात, कारण नाक पुढे आहे आणि कान मागे. कागदावर छापलेला किंवा दुसऱ्या फोनच्या पडद्यावरचा फोटो जवळ नेला तर तो सगळीकडून सारखाच मोठा होतो. नाक आणि कान यांचं प्रमाण बदलत नाही, आणि तिथेच सोंग उघडं पडतं. मान वळवायला लावणं, हसायला लावणं यामागेही हाच हिशेब आहे. ऐन वेळी काय करायला सांगतील हे आधी ठाऊक नसलं, की तयार फोटो उपयोगी पडत नाही.

दुसरं काम जुळवणीचं. संगणक चेहऱ्याची ठेवण मोजून तिची आकड्यांची एक लांबलचक यादी तयार करतो. तशीच यादी प्रोफाइलवरच्या फोटोंचीही करतो आणि दोन्हींत किती फरक आहे ते मोजतो. फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर टिक मिळते. ही मर्यादा कुठे ठेवायची, हे कंपनी ठरवते. ती फार कडक ठेवली तर लग्नातल्या मेकअपमधला फोटो लावलेल्या खऱ्या मुलीलाही नकार मिळेल. सैल ठेवली तर बहिणीच्या चेहऱ्यावर बहीण आत येईल. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

म्हणजे टिकेचा अर्थ एवढाच, की अमुक दिवशी अमुक क्षणी फोनसमोर जो जिवंत चेहरा होता, तो प्रोफाइलवरच्या फोटोंतल्या चेहऱ्याशी पुरेसा जुळला. यात नाव नाही. वय, नोकरी, गाव नाही. लग्न झालंय की नाही, हे तर नाहीच. टिक मिळाल्यानंतर ते खातं तोच माणूस चालवतोय का, हेही त्यात येत नाही.

भाचीच्याच बाबतीत हे उघड झालं. टिक असलेल्या एका मुलाशी तिची ओळख झाली. तीन आठवडे गप्पा झाल्या, मग दोघं कॉफीला भेटले. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा एकच होता. टिकेनं जे सांगितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. बिल त्यानं भरलं, आणि आपला अर्धा वाटा देण्यासाठी हिनं त्याचा नंबर टाकून यूपीआयनं पैसे पाठवायला घेतले. स्क्रीनवर बँकेतलं नाव आलं, ते भलतंच. ॲपवर एक नाव आणि आडनाव, बँकेत दुसरंच. विचारल्यावर तो गडबडला. मग कळलं की त्याला बायको आहे आणि तीन वर्षांची मुलगीही आहे. "पण मावशी, त्याला टिक होती ना गं," असं भाची मला फोनवर दोनदा म्हणाली. तिचा राग मला कळत होता. ॲपनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण तो निळा रंग चेहऱ्याबद्दल जे बोलत होता, ते तिनं माणसाबद्दल ऐकलं होतं, आणि अशा वेळी ते कुणीही ऐकेल.

आता चोरांची बाजू बघू. छापलेला फोटो किंवा साधा मुखवटा घेऊन येणारे चांगल्या पडताळणीत बहुतेक अडकतात. अवघड हल्ला वेगळा असतो. त्यात कॅमेऱ्यासमोर काही धरतच नाहीत. फोनमध्ये किंवा संगणकावर एक नकली कॅमेरा बसवतात आणि ॲपला वाटतं की चित्र खऱ्या कॅमेऱ्यातून येतंय. प्रत्यक्षात ते संगणकानं घडवलेल्या चेहऱ्याचं चित्र असतं, मान वळव म्हटलं की मान वळवणारं. अशा वेळी नाक-कानाचं प्रमाण तपासून पुरत नाही. चित्र खऱ्या कॅमेऱ्यातूनच येतंय का, फोनमध्ये काही फेरफार केलाय का, हेही तपासावं लागतं.

हाँगकाँग पोलिसांनी ऑक्टोबर 2024 मध्ये अशा चेहरेबदलावर चालणारी एक टोळी पकडली. 27 जणांना अटक झाली. सुमारे 4 कोटी 60 लाख डॉलरची फसवणूक झाली होती आणि फसलेल्यांत भारतातले लोकही होते. ही टोळी देखण्या मुलींचे बनावट चेहरे लावून पुरुषांशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. "व्हिडिओ कॉल कर म्हणजे खरं-खोटं कळेल," हा सल्ला आपण सगळेच देतो. तो अजूनही उपयोगी आहे, पण पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. शिवाय आग्नेय आशियातल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर तर व्हिडिओ कॉलसाठी खऱ्याखुऱ्या मॉडेल्स नोकरीला ठेवतात. तिथे चेहरा खरा, माणूस जिवंत आणि बोलणं मात्र दुसऱ्यांनी लिहून दिलेलं. कोणतीही सेल्फी पडताळणी तिला अडवू शकत नाही, कारण ती जे तपासते त्यात खोटं काही नाही.

पडताळणीच्या नावावरच चालणारी एक फसवणूकही आहे. अमेरिकेच्या एफबीआयनं मे 2024 मध्ये तिच्याबद्दल सावध केलं होतं. ॲपवर ओळख झालेला माणूस गप्पा बाहेरच्या मेसेजिंगवर नेतो आणि मग एक लिंक पाठवतो : सुरक्षिततेसाठी इथे फुकट व्हेरिफिकेशन करून घे. तिथे कार्डाचा नंबर घेतात आणि महिन्यामागून महिना पैसे कापले जातात. खरी पडताळणी ॲपच्या आतच होते. ती बाहेरच्या लिंकवर पाठवत नाही आणि कार्ड मागत नाही.

आणि आता किंमत. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण टिक घेताना तो कुणी वाचत नाही. पडताळणीत आपण तीन गोष्टी देतो : व्हिडिओ, त्यातून काढलेली चित्रं आणि चेहऱ्याच्या मोजमापांची ती यादी. व्हिडिओ लवकर पुसतो असं कंपन्या सांगतात. यादीचं तसं नसतं. तोच माणूस दुसरं खातं उघडायला आला तर ओळखता यावा, म्हणून टिंडरच्या फेस चेकमध्ये चेहऱ्याचा सांकेतिक नकाशा खातं असेपर्यंत ठेवला जातो. हेतू चांगला आहे. हाकललेला त्रासदायक माणूस नव्या नावानं परत येऊ नये, हे बायकांच्या फायद्याचंच आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की सगळ्यांच्या चेहऱ्यांची एक नोंदवही कुठेतरी भरत चाललीय. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही.

आणि 'पुसतो' म्हटलेलं खरंच पुसलं जातं का? अमेरिकेत टी नावाचं एक ॲप आहे. ज्या पुरुषांना भेटायचं आहे त्यांच्याबद्दल बायका तिथे एकमेकींना सावध करतात. आपण बाई आहोत हे दाखवायला सेल्फी द्यावा लागायचा, आधीच्या काळात ओळखपत्रही. पडताळणीनंतर हे फोटो पुसले जातात, असं सांगितलं होतं. जुलै 2025 मध्ये त्यांची साठवणीची एक जुनी जागा कुलूप न लावता उघडी राहिल्याचं बाहेर आलं. सुमारे 72,000 चित्रं लोकांच्या हाती लागली आणि त्यांतले सुमारे 13,000 सेल्फी आणि ओळखपत्रांचे फोटो पडताळणीसाठी दिलेले होते. पुरुषांपासून जपायला ज्या बायका आल्या, त्यांचेच चेहरे चव्हाट्यावर आले. मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं.

कायद्याचा धाक कसा असू शकतो, याचं उदाहरण इलिनॉय राज्यात आहे. तिथल्या 2008 च्या कायद्यानुसार चेहऱ्याची मोजमापं घेण्याआधी लेखी संमती लागते आणि ती मोडली तर सामान्य माणूस स्वतः दावा लावू शकतो. तिथे फोटो पडताळणीवरूनच बंबल आणि बदू यांच्यावर दावा झाला आणि 2024 मध्ये चार कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा चेहरा फुटला त्याला त्यातून काही मिळत नाही. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क मात्र हा कायदा देतो.

भाचीनं त्या प्रकरणानंतर फोनवरून ॲप काढून टाकलं आणि तिला वाटलं, संपलं. मी तिला सांगितलं की आयकॉन गेला तरी खातं तिथेच आहे, आणि खातं आहे तोवर चेहऱ्याचा नकाशाही असू शकतो. तिनं ॲप पुन्हा उतरवलं, लॉगिन केलं, सेटिंगमध्ये अगदी तळाशी असलेलं खातं बंद करण्याचं बटण शोधलं. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता गोपनीयतेच्या पानावर होता. त्याला तिनं चार ओळींची मेल पाठवली : माझा व्हिडिओ, त्यातली चित्रं आणि चेहऱ्याची मोजमापं, तिन्ही पुसा आणि कधी पुसलीत ते तारखेसह कळवा.