वाळूत चालताना टाच कुठे जाते?

माझी अक्का लग्न होऊन हैदराबादला गेली, त्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली. दाजी तिथल्या पाण्याला आणि बिर्याणीला पुरते सरावले, पण त्यांची रोज पहाटे फिरायला जाण्याची सवय काही सुटली नाही. हुसेनसागरच्या काठाने नाहीतर केबीआर पार्कभोवती जाड तळव्याचे बूट घालून पाऊण तास झपझप चालणे हा त्यांचा नेम. वय चौपन्न, साखर नाही, गुडघेही कुरकुरत नाहीत. अशा माणसाला वाळूत चार दिवस फिरल्यावर तीन महिने लंगडावे लागेल, असे कुणाला वाटले असते?

झाले ते असे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबे कारवारला भेटलो. हैदराबादच्या माणसाला समुद्राची अपूर्वाई जरा जास्तच असते. पहिल्याच संध्याकाळी दाजींनी बूट काढून हातात घेतले आणि टागोर किनाऱ्यावरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून सहा किलोमीटर चालून आले. "मऊ वाळू आहे, पायाला त्रास कसला?" हे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मुलांबरोबर थोडे धावणेही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले आणि उजव्या टाचेच्या मागे अशी कळ आली की ते भिंत धरूनच उभे राहिले.

मी आमच्या कॉलेजात जिमखान्याचे काम बरीच वर्षे पाहतो. किनाऱ्याच्या सहलीहून अशी लंगडत आलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे दुखणे कुठले हे ओळखायला वेळ लागला नाही. पोटरीला कन्नडमध्ये मीनखंड म्हणतात. माशासारखा फुगीर तो स्नायू खाली निमुळता होत टाचेच्या हाडाला एका जाड शिरेने जोडलेला असतो. जुनी माणसे तिला धोंडशीर म्हणत, डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतात. टाचेच्या वर बोटांच्या चिमटीत धरता येते, तीच ती. चालताना शेवटी टाच उचलून शरीर पुढे ढकलायचे काम या जोडीचे आहे. धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

आता वाळूत काय होते ते पाहा. रस्त्यावर टाच टेकते तिथेच राहते. भुसभुशीत वाळूत ती चवड्यापेक्षा खाली रुतते, म्हणून पोटरी आणि शीर जास्त ताणली जातात. त्याच ताणलेल्या अवस्थेत चवड्याने रेटा द्यायचा, तर पायाखालची वाळूच मागे सरकते आणि रेट्यातला बराचसा जोर तिला हलवण्यातच जातो. बेल्जियमच्या लजून आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे मोजले. कडक जमिनीच्या तुलनेत त्याच वेगाने वाळूत चालायला 2.1 ते 2.7 पट शक्ती लागते, धावायला 1.6 पट. म्हणजे दाजींचे सहा किलोमीटर हे मेहनतीच्या हिशेबात जवळजवळ तेरा ते सोळा किलोमीटर झाले, आणि त्यातला मोठा वाटा पोटरीने उचलला. मऊ वाळूत हाडांना बसणारा धक्का कमी होतो हे खरे, पण तो हिशेब गुडघ्याचा झाला, शिरेचा नव्हे.

दुसरी गोष्ट बुटांची. रोजच्या बहुतेक बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. वर्षानुवर्षे तसे चालणाऱ्याच्या पोटरीला तेवढेच ताणले जायची सवय होते. दाजींनी एकाच संध्याकाळी बूटही काढले आणि वाळूही निवडली. धोका त्या जोडीत होता. बिनबुटाने धावणारा माणूस बहुधा चवड्यावर पाय टाकतो, तेव्हा शिरेवरचा भार आणखी वाढतो.

मग अनवाणी जावे की बूट घालून? माझे मत असे की आधी वाळू निवडावी, बुटाचा विचार मागाहून. ओहोटीला पाणी ओसरल्यावर जो ओला, घट्ट पट्टा उघडा पडतो, तिथे पाऊल फारसे रुतत नाही. तिथे पहिल्या दिवशी बुटानेच पंधरा-वीस मिनिटे चालावे आणि शेवटची पाच-दहा मिनिटे अनवाणी. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकली नाही तरच वाढवावे. किनारा उतरता असेल, तर पाण्याकडचा पाय सतत खाली राहतो, म्हणून जितके जावे तितकेच त्याच पट्ट्याने परत यावे. कोरड्या वाळूत बूट घातले तरी पाय रुततोच. बुटाने टाच थोडी वर राहते, एवढाच फायदा, आणि आत गेलेल्या वाळूने फोड येतात तो वेगळाच ताप. तिथे काही मिनिटेच चालावे, धावणे तर पहिल्या फेरीत नकोच. सैल चपला घालून मैलभर जाऊ नये, त्या सुटू नयेत म्हणून बोटे आवळावी लागतात. आणि ज्यांना मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी अनवाणी जाऊच नये. तापलेली वाळू किंवा शिंपल्याची चीर त्यांना कळत नाही.

नुसती अंगदुखी आणि शिरेचे दुखणे यांतला फरक घरी ओळखता येतो. अंगदुखी पोटरीच्या मध्यावर, दोन्ही पायांत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग आपोआप ओसरते. शिरेचे दुखणे टाचेच्या थोडे वर, बहुधा एकाच पायात असते. चिमटीत धरल्यावर दुखते, सकाळच्या पहिल्या पावलांना पाय आखडतो आणि थोडे चालल्यावर बरे वाटते. या शेवटच्या गोष्टीनेच माणूस फसतो, दाजीही फसले. ते हैदराबादला परतल्यावर दोन आठवडे तसेच फिरत राहिले.

अस्थितज्ज्ञांनी पूर्ण विश्रांती सांगितली नाही, हे अक्काला आवडले नव्हते. फिरणे निम्म्यावर आणले आणि जिन्याच्या पायरीवरचा व्यायाम दिला. चवडे पायरीवर, टाचा बाहेर. दोन्ही पायांनी वर जायचे आणि दुखऱ्या एकाच पायावर टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे, एकदा गुडघा सरळ आणि एकदा किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. ही पद्धत स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी रूढ केली. थोडे दुखले तरी चालते, पण दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले नसावे. ज्यांची शीर थेट हाडाला जोडते तिथेच दुखते त्यांनी टाच पायरीखाली न नेता जमिनीवरच व्यायाम करावा.

काही खुणांना मात्र थांबू नये. धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले, 'कट्' असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते. पाऊल हलते म्हणून ती शाबूत आहे असे समजू नका, दुसऱ्या शिराही पाऊल हलवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके चालू असताना किंवा नुकती संपली असताना हा धोका वाढतो, स्टिरॉइड घेणाऱ्या ज्येष्ठांना तर अधिक. आणि रात्रभर बसमध्ये बसून आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर तो दोष वाळूचा समजू नका. तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुढच्या वर्षी दाजी पुन्हा आले. हैदराबादेत वाळू कुठून आणणार? म्हणून दोन महिने आधीपासून घराच्या जिन्यावर टाचा उचलणे आणि संध्याकाळी गवतावर दहा मिनिटे अनवाणी चालणे त्यांनी सुरू ठेवले होते. कारवारला पहिल्या संध्याकाळी ओल्या पट्ट्यावर वीस मिनिटे झाली आणि अक्का म्हणाली, "अहो, पुरे आता." ते मुकाट्याने परत फिरले.